४.३ अनुवादित मजकुरातील तुटलेली जोडाक्षरे आणि रिकाम्या चौकटी

अनुवाद पूर्ण करून तो एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेताना मजकूर विस्कटल्याचा अनुभव आपण घेतला असेल. समजा, आपले मूळ वाक्य असे आहे : ‘विद्यार्थ्यांनी दऱ्यांचे नकाशे काढले.’ दुसरीकडे चिकटवल्यावर ते असे दिसते : ‘विद्‌यार्थ्‌यांनी दर्□यांचे नकाशे काढले.’ येथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ते समजण्यासाठी युनिकोड जोडाक्षर कसे साठवते, हे आधी पाहू.

साठवण आणि दर्शन

युनिकोडमध्ये ‘द्य’ हे एक अक्षर म्हणून साठवले जात नाही. द, हलन्त आणि य अशी तीन चिन्हे क्रमाने साठवली जातात. त्यांची जुळणी करून ‘द्य’ हा आकार दाखवणे, हे काम फॉन्ट आणि आज्ञावली मिळून करतात. म्हणून मजकूर तुटलेला दिसला, तरी साठवलेली चिन्हे शाबूत असू शकतात.

यांखेरीज दोन अदृश्य चिन्हे असतात. त्यांना येथे विलगचिन्ह आणि जोडचिन्ह म्हणू. विलगचिन्ह (`U+200C`) हलन्तानंतर आले, की जोडाक्षर होत नाही. हलन्त उघडा दिसतो. जोडचिन्ह (`U+200D`) हलन्तानंतर आले, की आधीच्या व्यंजनाचे अर्धे रूप दिसते. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतील अर्धा र काही कळफलक र, हलन्त आणि जोडचिन्ह असा लिहितात. काही कळफलक ‘ऱ’ (`U+0931`) आणि हलन्त वापरतात. दोन्ही रीती दिसायला सारख्याच असतात.

बिघाडाचे निदान

प्रथम मजकुराची प्रत काढून ठेवा आणि त्या प्रतीवरच काम करा. मग संपूर्ण मजकुराला `Nirmala UI` किंवा `Noto Sans Devanagari` हा फॉन्ट द्या. लिब्रेऑफिस रायटरमध्ये देवनागरीसाठीचा फॉन्ट वेगळ्या रकान्यात निवडावा लागतो, हे लक्षात असू द्या.

आपल्या उदाहरणात फॉन्ट बदलताच चौकट नाहीशी होऊन ‘दऱ्यांचे’ दिसू लागते. म्हणजे जुन्या फॉन्टजवळ जोडचिन्हाची सोय नव्हती. मजकूर शाबूत होता. येथे चौकट हाताने पुसण्याचा मोह टाळा. चौकट पुसली, की जोडचिन्हही जाते आणि ‘दर्यांचे’ हा शब्द उरतो. डोंगरांमधल्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, होतो. शुद्धलेखन तपासनीसालाही ही चूक सापडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत.

‘विद्‌यार्थ्‌यांनी’ मात्र फॉन्ट बदलूनही तसेच राहते. आता वर्डमध्ये ‘द्‌’नंतर कर्सर ठेवून Alt आणि X या कळा एकत्र दाबा. `200C` हा क्रमांक दिसला, तर विलगचिन्ह घुसले आहे. त्याच कळा पुन्हा दाबल्यास मूळ चिन्ह परत येते. विलगचिन्ह नसेल, तर दोष आज्ञावलीचा असतो. पृष्ठमांडणीच्या काही आज्ञावलींत भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी वेगळी चालू करावी लागते. तेथे मजकुरात बदल करू नये.

दुरुस्ती

रायटरमधील ‘शोधा व बदला’ या चौकटीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ हा पर्याय निवडा. प्रथम अर्धा र सुरक्षित करण्यासाठी पुढील क्रम शोधा :

```
\u0930\u094D\u200D
```

त्याच्या जागी `ऱ्` घाला. यामुळे पुढच्या ॲपमध्ये जोडचिन्ह गळाले, तरी ‘दऱ्या’ शाबूत राहतील. त्यानंतर विलगचिन्ह शोधा :

```
\u200C
```

बदलीची जागा रिकामी ठेवा. येथे ‘सर्व बदला’ न म्हणता एकेक जागा पाहत जा. ‘वाङ्‌मय’सारख्या शब्दांत किंवा जोडाक्षरांची फोड दाखवणाऱ्या पाठात हलन्त हेतुपूर्वक उघडा ठेवलेला असू शकतो.

दुरुस्तीची मर्यादा

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर मूळ चिन्हे बहुधा गेलेली असतात. कोणताही फॉन्ट ती परत आणत नाही. पीडीएफमधून घेतलेल्या मजकुरात वेलांटी भलत्या अक्षरावर गेली असेल, तरी दुरुस्तीपेक्षा मूळ फाइल मिळवणे श्रेयस्कर. शेवटी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द मूळ अनुवादाशी ताडून पाहा.

आपली प्रगती तपासा

‘आचाऱ्यांना बोलावले’ या वाक्यातील जोडचिन्ह गळाले, तर कोणता शब्द उरेल आणि वाक्याचा अर्थ कसा बदलेल, ते दोन वाक्यांत लिहा.