शेवटचा पेपर आणि नोकरीचा पहिला दिवस

१० एप्रिलला संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, ऑफर आली!" आणि लगेच पुढे, "पण जॉइनिंग ५ मेचं दिलंय." ती पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर १२ ते २६ मे. त्यानंतर प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि तिची तारीख कॉलेजनं अजून लावलेली नव्हती. ऑफर स्वीकारायला तीन दिवसांची मुदत होती. मैत्रिणी सांगत होत्या, आधी स्वीकारून टाक, परीक्षेचं मग बघू. मी भरती विभागात बरीच वर्षं काम केलं आहे आणि या सल्ल्यापायी हातात आलेली नोकरी गेलेली मुलं पाहिली आहेत. तिला म्हटलं, "थांब. आधी तारखेचं बोल, मग सही कर."

सही होईपर्यंत तुमची तारीख हा ऑफर लेटरमधला एक आकडा असतो, आणि तो बदलायला फार काही लागत नाही. सही झाली की त्याच तारखेवर कामं लागतात. कागदपत्रांची पडताळणी सुरू होते, लॅपटॉप मागवला जातो, मॅनेजर टीमला सांगतो की अमुक दिवशी माणूस येतोय. बहुतेक ऑफर लेटरमध्ये एक वाक्यही असतं की ठरलेल्या दिवशी हजर न झाल्यास ही ऑफर आपोआप रद्द समजावी. मुलं पगाराचा तक्ता दहा वेळा वाचतात आणि हे वाक्य एकदाही वाचत नाहीत. सही केल्यावर तारीख मागितली, की रिक्रूटरच्या मनात पहिली शंका येते ती दुसऱ्या ऑफरची. परीक्षेचं कारण खरं असलं तरी ते तेव्हा सबब वाटतं.

मग प्रश्न आला, मागायची कोणती तारीख? भाचीनं २७ मे काढली होती, म्हणजे शेवटच्या पेपरचा दुसरा दिवस. इथेच बहुतेक जण चुकतात. परीक्षा शेवटच्या पेपरला संपत नाही. बाहेरचे परीक्षक येऊन घेतात ती तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट अहवालाचं सबमिशन, कधी एखादं प्रॅक्टिकल, हे सगळं धरून तारीख काढायची. एकदा मुदत वाढवून मिळते, कारण तेवढं रिक्रूटर मॅनेजरकडून मागून आणू शकतो. दुसऱ्यांदा तो विचारायलाच जात नाही. म्हणून पहिल्याच वेळी पुरेशी मागावी, पण उगाच चार दिवस गावी जाण्यासाठी ताणू नये.

तिच्या तोंडी परीक्षेची तारीखच नव्हती, तेव्हा ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर दोन ओळी दिल्या: ही विद्यार्थिनी अंतिम वर्षाला असून तिची प्रोजेक्टची तोंडी परीक्षा ६ जूनपर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे. रिक्रूटरला मॅनेजरपुढे ठेवायला असा कागदच लागतो. 'एक्झाम आहे मॅम' या शब्दांचा त्याला उपयोग नसतो. वेळापत्रक जाहीर झालेलं असेल तर ते जोडावं, हॉल तिकीट आलं असेल तर तेही.

मेल इंग्रजीत गेली, पण तिचा मजकूर साधा होता. ऑफरबद्दल आभार, मला ही नोकरी करायची आहे. माझे लेखी पेपर १२ ते २६ मे आहेत आणि प्रोजेक्टची तोंडी परीक्षा ६ जूनपर्यंत होईल, वेळापत्रक आणि कॉलेजचं पत्र सोबत जोडलं आहे. सोमवार, ९ जूनला मी रुजू होऊ शकते. तोंडी परीक्षा लवकर झाली तर त्याआधीही येईन. ही तारीख चालत असेल तर सुधारित ऑफर लेटर पाठवावं, मी त्याच दिवशी सही करून देते. 'थोडे दिवस मिळाले तर बरं होईल' असं मोघम तिनं कुठेही लिहिलं नाही. मोघम विनंतीला उत्तरही मोघमच येतं.

दोन दिवसांनी रिक्रूटरचा फोन आला. तुम्ही ५ मेलाच रुजू व्हा, परीक्षेला सुट्टी देऊ. ऐकायला गोड, पण हिशेब करून पाहावा. महाराष्ट्रातला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला ८ किरकोळ रजा देतो आणि त्याही तिमाहीप्रमाणे जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना दोन. भरपगारी हक्काची रजा २४० दिवस काम झाल्यावर. परीक्षेसाठी वेगळी रजा त्या कायद्यात नाही. नव्या माणसाला पंधरा दिवस हवे असतील तर ते मॅनेजरच्या मर्जीवर आणि बहुधा बिनपगारी. शिवाय ज्या आठवड्यांत प्रशिक्षण, त्याच आठवड्यांत पेपर. एखादाच पेपर राहिला असेल तर हा मार्ग जरूर घ्यावा, फक्त त्या दिवसाची रजा मेलवर मंजूर करून घ्यावी. अख्खी परीक्षा उरली असेल तर घेऊ नये. संध्याकाळचा एखादा कोर्स संपायचा असेल, तर मात्र तारीख पुढे मागण्यापेक्षा महिनाभर वेळेवर निघू द्या म्हणणं सोपं जातं. विद्यापीठाच्या परीक्षेइतकं वजन अशा कोर्सला कंपनी देत नाही.

मधे कन्सल्टन्सी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे पैसे सहसा उमेदवार रुजू झाल्यावर निघतात, त्यामुळे 'तारीख बदलली तर ऑफर जाईल' ही भीती कधी कंपनीची असते, कधी नुसती कन्सल्टंटची. कंपनीच्या एचआरला त्याच मेलमध्ये घ्यावं, म्हणजे खरं उत्तर कळतं.

फोनवरच्या 'हो हो, चालेल'वर विसंबू नये. माझ्यासमोर घडलेलं आहे: रिक्रूटरनं तोंडी होकार दिला, पुढच्या आठवड्यात स्वतःच नोकरी सोडली, आणि मुलगा जुन्या तारखेला गैरहजर म्हणून ऑफर रद्द झाली. नवीन तारीख लेखी आली का, आणि जॉइनिंग पोर्टलवर तीच दिसते का, हे दोन्ही पाहावं. पोर्टल जुन्याच तारखेची आठवण पाठवत असेल तर बदल झालेला नाही असं समजावं.

निकालाचंही याच मेलमध्ये विचारून घ्यावं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. पण २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि उन्हाळ्यातल्या परीक्षांचे कित्येक निकाल ऑगस्ट उलटून गेला तरी लागले नव्हते. रुजू होताना अंतिम गुणपत्रिका मागणारी अट असेल, तर ती निकालानंतर देण्याची सवलत लेखी घ्यावी. मागचा एखादा विषय राहिला असेल तर तेही तेव्हाच सांगावं. पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाकडूनच खात्री करून घेते.

भाचीच्या मेलला कंपनीचं उत्तर आलं की टीमचं प्रशिक्षण मंगळवारी, ३ जूनला सुरू होतंय, त्यापलीकडे थांबता येणार नाही. ती पुन्हा कॉलेजात गेली. तोंडी परीक्षा २ ते ४ जून अशी तीन दिवस, गटागटानं होणार हे तोवर ठरलं होतं. ऑफर लेटर दाखवल्यावर मार्गदर्शक सरांनी तिच्या गटाला पहिल्या दिवशी पहिला नंबर दिला. सुधारित पत्रावर तारीख आली ३ जून, आणि मग तिनं सही केली. २ जूनला साडेबाराला परीक्षक उठले. तिथून ती रिक्षानं झेरॉक्सच्या दुकानात गेली, दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या कागदांचे दोन संच काढायला.