नाव एकाचं, लेखन दुसऱ्याचं, हक्क कोणाचा?

स्टीव्ह डॉनह्यू हा इंग्लंडमधला नावाजलेला जॉकी. एप्सम डर्बी त्याने सहा वेळा जिंकली होती. १९३१ साली 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकात त्याच्या आठवणींची लेखमाला आली. डॉनह्यूने किस्से सांगायचे, एका पत्रकाराने ते लेखाच्या रूपात लिहायचे आणि छापण्याआधी डॉनह्यूने वाचून होकार द्यायचा, अशी व्यवस्था होती. काही वर्षांनी त्याच पत्रकाराने तोच मजकूर थोडा बदलून दुसऱ्या नियतकालिकासाठी दिला. आठवणी आपल्या, आयुष्य आपलं, म्हणून डॉनह्यू कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं असं, की घटना आणि कल्पना यांच्यावर कॉपीराइट नसतो, तो असतो शब्दरचनेवर. आणि शब्द पत्रकाराचे होते. डॉनह्यूने वाक्यामागून वाक्य सांगितलं असतं आणि समोरच्याने ते नुसतं उतरवून घेतलं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

आपल्याकडे उद्योजक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी, राजकारणी यांची आत्मचरित्रं आणि त्यांच्या नावाचे लेख बरेचदा दुसरंच कुणीतरी लिहितं, हे प्रकाशन व्यवसायात उघड गुपित आहे. त्यात वावगं काही नाही. (पीएचडीचा प्रबंध पैसे देऊन लिहून घेणं हा मात्र वेगळा विषय, ती सरळ फसवणूक आहे.) या व्यवहारात लेखी करार मागायचा तो लेखकाने, असा सर्वसाधारण समज असतो, कारण गरज त्याची. कायदा पाहिला तर चित्र उलटं दिसतं. कागदाची गरज जास्त आहे ती ज्याचं नाव छापायचं त्याला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा पहिला मालक म्हणजे तिचा लेखक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा. त्यामुळे कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने साहेबांसाठी लिहिलेल्या लेखाचा प्रश्न येत नाही. पण बाहेरून मानधनावर काम करणारा लेखक नोकर नसतो. पैसे पूर्ण दिले, पावती घेतली, तरी तेवढ्याने हक्क सरकत नाही. तो लेखी, सही केलेल्या हस्तांतरानेच सरकतो. या हस्तांतरातही एक मेख आहे. मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे 'या पुस्तकाचे सर्व हक्क मी श्री. अमुक यांना दिले आहेत' हे लेटरहेडवरचं एका ओळीचं पत्र सहाव्या वर्षी निरुपयोगी ठरू शकतं. शिवाय, वेगळं ठरलेलं नसेल आणि हक्क मिळाल्यापासून वर्षभरात तो वापरलाच नाही, तर तो हक्क संपतो. हस्तलिखित तयार करून दोन-तीन वर्षं कपाटात ठेवणारे ग्राहक या व्यवसायात नेहमीचेच आहेत.

यात आणखी एक धोका आहे. प्रकाशकाशी करार करताना ग्राहक लिहून देतो, की पुस्तक माझं आहे आणि त्याचे हक्क माझ्याकडे आहेत. खऱ्या लेखकाकडून हस्तांतर घेतलेलं नसेल, तर त्याने प्रकाशकाला चुकीची हमी दिलेली असते. पुस्तकावर पुढे चित्रपट किंवा मालिका करायची म्हटली, की निर्मात्याचा वकील पहिल्यांदा हेच कागद मागतो. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका'चं शब्दांकन अरुण साधू यांनी केलं आणि त्या आत्मकथेवरून श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) निघाला. सांगितलेल्या आयुष्याचा प्रवास पुस्तकावर थांबेलच असं नाही.

आता दराकडे वळू. एक काल्पनिक उदाहरण घेतो. कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री उभी केलेले एक चौऱ्याहत्तर वर्षांचे आबा आहेत. त्यांना दोनशे पानांचं, सुमारे साठ हजार शब्दांचं आत्मचरित्र हवंय. लेखकाला फोनवर पहिला प्रश्न येतो, 'शब्दाला किती घेता?' लेखक संकोचून म्हणतो, 'एक रुपया.' साठ हजार रुपये हा आकडा दोघांनाही बरा वाटतो.

आता तास मोजू. दोन-दोन तासांच्या बारा बैठका झाल्या, म्हणजे चोवीस तासांचं रेकॉर्डिंग. जाणं-येणं आणि चहापाणी धरून त्यात अठ्ठेचाळीस तास जातात. एका तासाचं बोलणं हाताने कागदावर उतरवायला पाच तास धरले, तर चोवीस तासांचे एकशेवीस होतात. जुने फोटो, बँकेची पत्रं, आबांच्या भावाशी आणि जुन्या फोरमनशी बोलणं, सनावळ्या जुळवणं यात चाळीस तास. तासाला दोनशे शब्द या गतीने साठ हजार शब्दांचा खर्डा म्हणजे तीनशे तास. दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या ऐंशी तासांच्या. बेरीज ५८८. साठ हजार रुपयांना भागलं, तर तासाला जेमतेम शंभर रुपये पडतात, म्हणजे दुपारी दोन वाजता टाइप करून देणाऱ्याइतकंही नाही. तेच तासाला पाचशे रुपये धरले, तर मानधन सुमारे तीन लाख होतं आणि शब्दाला पाच रुपये पडतात. शब्दाचा दर गैर नाही. पण तो आधी तास मोजून मग काढायचा असतो. ग्राहकालाही हा हिशेब दाखवावा. आबांनी आयुष्यभर कास्टिंगचा भाव वजन, वीज आणि मजुरी मांडूनच काढलेला असतो, त्यांना हा लगेच कळतो.

तीन लाखांचे हप्ते पाडताना पैसे कामाच्या टप्प्याला बांधावेत. सही करताना ७५ हजार, पहिली दोन प्रकरणं मान्य झाल्यावर ७५ हजार, पूर्ण खर्डा हाती दिल्यावर ९० हजार आणि अंतिम प्रत दिल्यावर ६० हजार. पहिली दोन प्रकरणं वेगळी काढण्याला कारण आहे. आबांचा आवाज पकडला गेलाय की नाही, हे तिथेच समजतं आणि जमत नसेल तर दोघांना कमी नुकसानीत बाहेर पडता येतं. शेवटचा हप्ता 'प्रकाशनानंतर' असा लिहून घेऊ नये. प्रकाशन समारंभाला हवा तो पाहुणा मिळत नाही म्हणून पुस्तक वर्षभर पडून राहतं, आणि त्यात लेखकाचा काहीच दोष नसतो.

सगळ्यात जास्त वाद दुरुस्त्यांवरून होतात. आबा खूश असतात. मग खर्डा मुलाकडे जातो, सुनेकडे जातो, पुण्याच्या मेहुण्यांकडे जातो. एक म्हणतो भागीदारीतल्या भांडणाचं प्रकरण काढा, दुसरा म्हणतो तेच तर खरं आहे, ठेवा. म्हणून करारात मान्यता देणारी एकच व्यक्ती नावानिशी लिहावी, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन आणि प्रत्येकीला पंधरा दिवस असं ठरवावं, त्यापुढच्या फेरीचा दर तासावर लावावा. ग्राहक वयस्कर असेल, तर तो आजारी पडला किंवा गेला तर काय, हेही लिहावं. हा विषय काढायला संकोच वाटतो, पण वारसांना तोवरचे पैसे द्यायचे की नाहीत आणि अर्धवट खर्डा कुणाचा, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं.

ग्राहकाचं मन बदललं तर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण ज्युलियन असांज यांचं आहे. त्यांच्या आत्मचरित्रासाठी स्कॉटिश कादंबरीकार अँड्र्यू ओहेगन यांनी त्यांच्याशी कितीतरी तास बोलून खर्डा केला. मग असांज यांना पुस्तकच नको झालं, पण आगाऊ रक्कम वकिलांवर खर्च झाली होती. कॅननगेट या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये त्यांच्या संमतीशिवाय ते 'अनधिकृत आत्मचरित्र' म्हणून छापलं. ओहेगन यांनी आपलं नाव त्यावर येऊ दिलं नाही. तीन वर्षांनी मात्र त्या सगळ्या अनुभवावर दीर्घ लेख लिहिला.

इथे गोपनीयतेचा मुद्दा येतो. करारात 'सर्व माहिती गुप्त ठेवावी' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. बैठकीत ऐकलेल्या घरगुती आणि धंद्यातल्या गोष्टी, ही पहिली; त्या कायमच्या गुप्त राहाव्यात हे रास्त आहे. आपण हे पुस्तक लिहिलं ही वस्तुस्थिती, ही दुसरी. ती कुणाला सांगता येईल ते वेगळं ठरवावं लागतं. लेखकाला आपल्या सीएला आणि वकिलाला सांगावंच लागतं, कोर्टाने विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या ग्राहकाला नमुना दाखवायची मुभा हवी असेल तर तीही मागून घ्यावी लागते. रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, हेही ठरवावं. माझं मत असं, की अंतिम मान्यतेनंतर ते ग्राहकाला परत द्यावं, पण लेखकाने एक प्रत प्रकाशनानंतर वर्षभर ठेवावी. 'मी असं बोललोच नव्हतो' हे वाक्य बहुधा पुस्तक बाहेर आल्यावरच ऐकू येतं.

श्रेयाच्या बाबतीत मराठीत सोय चांगली आहे. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून नाव देता येतं आणि त्याने आत्मचरित्र कुणाचं याबद्दल शंका राहत नाही. त्याखालची पायरी मनोगतातल्या ऋणनिर्देशाची. त्याखाली पूर्ण मौन. मौन मागितलं तर दर वाढवून मागणं योग्यच आहे, कारण त्या कामाच्या जोरावर पुढचं काम मिळवता येत नाही. उलट काही लेखकांना नाव नकोच असतं. आंद्रे आगासीच्या 'ओपन'वर (२००९) जे. आर. मोरिंगर यांचं नाव मुखपृष्ठावर असावं अशी आगासीची इच्छा होती. मोरिंगर यांनी नकार दिला; आगासीने पुस्तकाच्या शेवटी ते सगळं लिहून टाकलं. जे ठरेल ते करारात शब्दशः लिहावं, नाव कुठल्या पानावर आणि पुढच्या आवृत्त्यांत व भाषांतरांतही येणार का, इथपर्यंत. 'मनोगतात उल्लेख करू' हे तोंडी आश्वासन छपाईच्या घाईत सहज गळून पडतं.

मौनाच्या कराराला कायद्याची एक मर्यादाही आहे. आपल्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा खास हक्क दिलाय आणि कॉपीराइट विकल्यावरही तो त्याच्याकडेच राहतो. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यात हा हक्क लेखी सोडून देता येतो असं स्पष्ट आहे. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. त्यामुळे इथला ग्राहक प्रत्यक्षात अवलंबून असतो तो लेखकाच्या गोपनीयतेच्या वचनावर. हस्तांतराचा कागद आणि गोपनीयतेचा कागद दोन्ही हवेत ते यासाठी, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

वर्तमानपत्रातल्या लेखांचं गणित सोपं असतं. लेखामागे ठरावीक रक्कम, एक फेरी दुरुस्ती आणि हस्तांतराची एक ओळ ईमेलवर न ठेवता सही केलेल्या कागदावर, एवढं पुरतं. 'लेख स्वतःचा व अप्रकाशित आहे' असं प्रतिज्ञापत्र संपादक मागत असतील, तर त्यावर सही करायची की नाही, हे ग्राहकानेच ठरवायचं.

तुमच्या घरात वडिलांचं किंवा आजोबांचं असं कुणीतरी शब्दांकन केलेलं पुस्तक असेल आणि कागद झालेलाच नसेल, तर अजून उशीर झालेला नाही. हस्तांतर प्रकाशनानंतरही करता येतं, आजची तारीख घालून. त्यात पुस्तकाचं नाव, कोणकोणते हक्क, मोबदला, कॉपीराइटची पूर्ण मुदत आणि संपूर्ण जग हे शब्द असू द्या. आणि हे लेखक हयात असताना करा. नंतर त्याच्या प्रत्येक वारसाची सही लागते.