‘राजी’ संपला, आता पुढे काय? आवडलेल्या गेमसारखाच गेम शोधायचा कसा?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम 2020 मध्ये आला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या राजीची ही गोष्ट. हा गेम चार-पाच तासांत संपतो आणि शेवट असा होतो, की आणखी काहीतरी हवं होतं असं वाटत राहतं. मग सुरू होतो ‘याच्यासारखा दुसरा कुठला?’ हा शोध.

बहुतेक जण स्टीमच्या पानावर खाली स्क्रोल करून ‘मोअर लाइक धिस’ बघतात. ही यादी मुख्यतः टॅगवर चालते. पुराणकथा, अ‍ॅक्शन, मुख्य पात्र मुलगी असे टॅग जुळले की गेम समोर येतो. मित्रांना विचारलं तर हमखास ‘गॉड ऑफ वॉर’ सुचवला जातो. देव आहेत, मारामारी आहे, म्हणजे जुळलंच! पण 2018 चा तो गेम वीस तासांच्या वर जातो आणि त्यात शस्त्रं, कवचं सुधारत बसावं लागतं. म्हणजे विषयाचं लेबल जुळलं, पण गेमची चाल जुळली नाही.

चाल म्हणजे काय, हे ‘राजी’मध्येच बघा. आधी भिंतींवरून धावणं, कठड्यांवर चढणं. मग एका बंद चौकात राक्षसांशी झटापट. ती संपली की शांतता. राजी भित्तिचित्रांसमोर थांबते आणि दुर्गा व विष्णू यांच्या बोलण्यातून देवांच्या कथा कळतात. चढाई, झटापट, शांतता असा हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं, हे आधी ठरवा. पुढचा गेम त्यावरच ठरतो.

भावंडांचं नातं भिडलं असेल, तर ‘अ प्लेग टेल: इनोसन्स’ (2019) आहे. चौदाव्या शतकातला फ्रान्स, प्लेगची साथ, आणि पाच वर्षांच्या ह्यूगोचा हात धरून पळणारी त्याची बहीण अमिसिया. गोष्ट ‘राजी’च्या अगदी जवळची. पण इथे लढण्यापेक्षा लपणं जास्त आहे. सैनिकाची पाठ फिरेपर्यंत दबा धरून बसायचा कंटाळा येत असेल, तर हा गेम अर्ध्यावर सुटेल. शिवाय स्टीमवर तो 50 जीबी जागा मागतो. परभणी किंवा जिंतूरमध्ये मोबाइलच्या रोजच्या 2 जीबी डेटावर एवढं डाउनलोड करायचं म्हटलं, तर 25 दिवस लागतील. तेही दुसरं काहीच न बघता.

भित्तिचित्रांसमोरची ती शांतता आवडली असेल, तर ‘जर्नी’ (2012). त्यात संवादच नाहीत. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचं, आणि मागची कथा चित्रांतून उलगडत जाते. सुमारे दोन तासांत संपतो. मात्र त्यात लढाई नाही, त्यामुळे राजीचा त्रिशूळ आवडलेल्यांची निराशा होईल.

नातं आणि वेग दोन्ही हवं असेल, तर या तिघांत ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ (2013) सगळ्यात जवळचा. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ. धाकट्याला पोहता येत नाही, म्हणून तो थोरल्याच्या पाठीवर बसून नदी ओलांडतो. नातं संवादात नाही, अशा कृतीत दिसतं. पात्रं बनावट भाषेत बोलतात, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. साधारण तीन तासांचा गेम. अडचण एकच: एका हाताने एक भाऊ, दुसऱ्या हाताने दुसरा चालवायचा असतो. कीबोर्डवर बोटांचा गोंधळ उडतो, कंट्रोलर असेल तर बरं.

विकत घेण्याआधी ट्रेलरवर मात्र जाऊ नका. ट्रेलरमध्ये फक्त धडाकेबाज क्षण जोडलेले असतात. त्याऐवजी यूट्यूबवर हे टाइप करा:

```
Brothers A Tale of Two Sons no commentary
```

व्हिडिओ सुरुवातीपासून नको, शेवट तर नकोच. साधारण एक तृतीयांश भागापासून पंधरा मिनिटं बघा. खेळाडू किती वेळ चालतोय, किती वेळ लढतोय, मध्ये किती वेळ नुसतं बघत थांबतोय, हे लगेच कळतं. नकारात्मक रिव्ह्यूही वाचा. ‘खूप संथ आहे’ ही कुणाची तरी तक्रार असते, पण ‘राजी’त भिंतीसमोर रेंगाळलेल्या माणसासाठी तीच शिफारस ठरू शकते.

एवढं करूनही निवड चुकली, तर स्टीमवर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. त्यामुळे पहिल्या तासाभरातच चाल जुळतेय का ते बघा. ‘जर्नी’सारखा छोटा गेम मात्र तेवढ्यात संपतच आलेला असतो.