नेम बरोबर, गोळी बाजूला

शूटर गेममध्ये गोळी नेमापासून दोन वेगळ्या कारणांनी ढळते. पहिले कारण म्हणजे रिकॉइल. गोळी सुटताच बंदुकीला धक्का बसतो आणि नेमच जागा सोडतो. दुसरे कारण स्प्रेड. त्यात नेम जागेवरच असतो, पण गोळी त्याच्याभोवतीच्या एका अदृश्य शंकूत कुठेतरी जाते आणि नेमकी कुठे ते गेम दर वेळी यादृच्छिकपणे ठरवतो. रिकॉइल सरावाने आवरता येते, स्प्रेड आवरता येत नाही. हा फरक कळला नाही, तर खेळाडू ज्या चुकीला उपायच नाही तिच्यासाठी तासन्‌तास माउस घासत बसतो.

‘काउंटर-स्ट्राइक’मधील एके-४७ या बंदुकीत दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसतात. भिंतीसमोर स्थिर उभे राहून ३० गोळ्यांचे मॅगझिन एका दमात रिकामे केले, तर भिंतीवरच्या खुणा आधी वर चढतात आणि मग डावी-उजवीकडे वळतात. पुन्हा मॅगझिन रिकामे केले की तोच आकार उमटतो. हा ठरलेला आकार म्हणजे रिकॉइल. तो पाठ करून माउस उलट दिशेने ओढला, तर गोळ्या बऱ्याच अंशी एका जागी येतात. मात्र दोन्ही वेळच्या खुणा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. प्रत्येक खूण थोडी इकडेतिकडे असते आणि ती तफावत स्प्रेडमुळे येते.

‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर स्प्रेड बंद करून उरलेले रिकॉइल एकटे पाहता येते:

```
sv_cheats 1
weapon_accuracy_nospread 1
```

फर्स्ट शॉट अ‍ॅक्युरसी म्हणजे बंदूक पूर्ण शांत असताना सुटलेल्या पहिल्या गोळीची अचूकता. तिच्यावर रिकॉइलचा परिणाम झालेला नसतो, त्यामुळे ती चुकली तर दोष एक तर नेमाचा असतो, नाही तर स्प्रेडचा. अंतर वाढले की हा दोष किती वाढतो, हे हिशोबाने कळते. समजा, एका बंदुकीची पहिली गोळी नेमाच्या रेषेपासून जास्तीत जास्त ०.२५ अंश ढळू शकते. १० मीटरवर हे ढळणे साधारण ४.४ सेंटिमीटर होते. डोक्याची त्रिज्या ११ सेंटिमीटर धरली आणि नेम बरोबर मध्यावर असला, तर गोळी चुकूच शकत नाही. ५० मीटरवर मात्र तीच मर्यादा सुमारे २२ सेंटिमीटर होते. गोळ्या त्या वर्तुळात सगळीकडे सारख्या विखुरल्या, तर चारांपैकी एकच डोक्याला लागेल, कारण त्रिज्या निम्मी असली की क्षेत्रफळ पाव भरते. गेमने मध्यापासूनचे अंतर समसमान संधीने निवडले, तर गोळ्या मध्याकडे दाटतात आणि दोनांपैकी एक लागते. अंश तोच असूनही निकाल दुप्पट बदलतो, म्हणून बंदुकांच्या तक्त्यातला नुसता आकडा पुरेसा नसतो.

हा शंकू नेहमी एकाच मापाचा राहत नाही. चालताना तो रुंदावतो, उडी मारताना फारच रुंदावतो आणि खाली बसल्यावर आवळतो. म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक’मधले अनुभवी खेळाडू गोळी झाडण्याआधी क्षणभर उलट दिशेची कळ दाबून पाय थांबवतात.

प्रत्येक गोळीसरशी शंकू मोठा होणे आणि थांबल्यावर हळूहळू मिटणे, याला ब्लूम म्हणतात. २०१० सालच्या ‘हेलो: रीच’मध्ये डीएमआर रायफल झाडली की पडद्यावरचे नेमवर्तुळ फुलते आणि थांबले की पुन्हा आवळते. वर्तुळ मिटेपर्यंत थांबणाऱ्याला अचूकता मिळावी आणि घाई करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागावी, हा त्यामागचा हेतू. पण फुललेल्या वर्तुळातूनही गोळी कधीकधी मध्यातून जातेच. त्यामुळे भराभर बोट चालवणारा नशिबाच्या जोरावर संयमी खेळाडूला हरवू शकतो. खेळाडूंची तक्रार याच मुद्द्यावर होती आणि ती रास्त होती. पुढच्या वर्षीच्या अपडेटमध्ये ब्लूम ८५ टक्क्यांवर आणणारा पर्याय आला.

स्प्रेड आवरता येत नाही, हे विधान एका अटीवर खरे आहे: पुढची यादृच्छिक निवड खेळाडूच्या संगणकाला आधी कळता कामा नये. जुन्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ती निवड खेळाडूचा संगणक आणि सर्व्हर एकाच बीजसंख्येवरून काढत असत. फसवणुकीचे प्रोग्रॅम हे बीज वाचून गोळी सुटण्याआधीच नेम उलट बाजूला सरकवत. नंतर सर्व्हरने स्वतःचे वेगळे बीज वापरण्याची सोय आली आणि ही वाट बंद झाली. याची एक बारीक किंमत मात्र आहे. खेळाडूचा संगणक गोळीची खूण आपल्या अंदाजाने काढतो आणि सर्व्हर खरा मार्ग वेगळा मोजतो, त्यामुळे पडद्यावर लागलेली दिसलेली गोळी प्रत्यक्षात चुकलेली असू शकते.