नेट गेल्यावर दुकानातलं बिल कुठे जातं?
मी दुकानांचे बिलिंग काउंटर ईआरपीला, म्हणजे स्टॉक आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडून देतो. नेट गेलं तरी बिल निघतं. ते काउंटरच्या कॉम्प्युटरवर साठतं आणि नेट आल्यावर ईआरपीत जातं.

समजा, ईआरपीत १० साबण आहेत. नेट नसताना एका काउंटरने ७ विकले, दुसऱ्याने ५. नंतर स्टॉक दिसतो उणे २! म्हणून बिल नाकारायचं नाही, कारण माल खरंच गेलाय. बहुतेक वेळा आलेल्या मालाची एंट्री राहिलेली असते.

प्रत्येक काउंटरला बिल नंबरची वेगळी मालिका द्यायची: A-101, B-101. मग नंबर एकमेकांवर आदळत नाहीत, आणि तेच बिल दोनदा पोचलं तर ईआरपीला ते नंबरवरून ओळखता येतं.