बिलाच्या तळाशी लपलेलं व्याज

सांगलीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारा, ‘शेकडा तीन रुपये महिन्यानं सावकाराचे पैसे उचलाल का?’ तो हात जोडेल. पण त्याच्याच फायलीत एखादं बिल पडलेलं असतं, तळाशी बारीक अक्षरात ‘टू टेन, नेट थर्टी’ असं छापलेलं, आणि ते तो निवांत तिसाव्या दिवशी भागवतो. सावकाराकडून पैसे उचलले असते, तर थोडेसे वाचलेच असते.

त्या ओळीचा अर्थ सोपा आहे. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. आपल्या बाजारात हिलाच कॅश डिस्काउंट किंवा नुसतं ‘सीडी’ म्हणतात. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून ‘दोन हजारांसाठी कशाला गल्ला रिकामा करायचा’ असा विचार होतो. त्या दोन हजारांत किती दिवस विकत घेतले, ते मात्र कोणी मोजत नाही.

समजा पाइप-फिटिंगचं बिल एक लाखाचं आहे. दहाव्या दिवशी ९८,००० दिले की हिशेब मिटला. नाही दिले, तर तिसाव्या दिवशी १,००,००० द्यायचे. म्हणजे ९८,००० रुपये आणखी वीस दिवस स्वतःकडे ठेवण्यासाठी २,००० मोजले. बहुतेकांचं इथंच चुकतं, ते तीस दिवस धरतात. पहिले दहा दिवस तर फुकटच मिळालेले असतात, सूट घेतली तरी आणि नाही घेतली तरी. व्याज आहे ते नंतरच्या वीस दिवसांचं.

९८,००० वर २,००० म्हणजे २.०४ टक्के. वर्षात असे वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे बसतात. गुणाकार केला की वर्षाला ३७.२ टक्के येतात. दर वेळी चक्रवाढ धरली, तर आकडा साडेचव्वेचाळीसच्या थोडा वर जातो. शेकडा तीनच्या सावकाराचं वीस दिवसांचं व्याज होतं १,९६० रुपये. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर १२ टक्के दर असेल तर जेमतेम ६४५. म्हणजे खात्यात मर्यादा शिल्लक असेल, तर बँकेचे पैसे उचलून सूट घ्यावी. सगळं जाऊन साडेतेराशे रुपये उरतात.

सूट घ्यायची ठरली, तर तिसऱ्या दिवशी धावण्यात अर्थ नाही, दहाव्या दिवशीच द्यावे. फक्त दहा दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, आणि पैसे पाठवल्याची तारीख धरणार की खात्यात जमा झाल्याची, हे ऑर्डर देतानाच विचारून ठेवावं. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात चार दिवस पडून राहिला, की दहाचे सहाच उरतात. आणि तारीख हुकलीच, तर ओशाळून बाराव्या दिवशी पूर्ण पैसे देणं हा सगळ्यात महाग प्रकार: दोन हजार गेले आणि हाती दोनच दिवस आले. मग सरळ तिसावा दिवस गाठावा.

यावर एखादा मुरलेला व्यापारी हसून म्हणेल, ‘तिसाव्या दिवशी देतो कोण? आमच्याकडे साठ चालतात.’ त्याचा मुद्दा हिशेबाला धरून आहे. साठाव्या दिवशी दिले, तर तेच दोन हजार पन्नास दिवसांवर पसरतात आणि दर १४.९ टक्क्यांवर उतरतो. दर ठरतो तो बिलावरच्या तारखेनं नव्हे, पैसे खरोखर कधी जातात त्यानं. मात्र माल बनवणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्यानं ही वाट आखूड केली आहे. लेखी करारात मुदत काहीही लिहा, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ती जात नाही; करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय रोज पैसे ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला टंचाईच्या दिवसांत माल शेवटी मिळतो, तो खर्च कुठल्याच सूत्रात बसत नाही.

सूट दिसली की घ्यावीच, असंही नाही. दुसऱ्या एखाद्या पार्टीच्या बिलावर ‘दहा दिवसांत एक टक्का, नाहीतर साठ दिवस’ असं असेल, तर सूट किती हे न बघता आधी मधले दिवस मोजावेत. ते पन्नास निघतात. ९९ वर १ रुपया, पन्नास दिवसांसाठी, म्हणजे वर्षाला ७.४ टक्के. बँक १२ टक्के घेत असताना ही सूट सोडून द्यावी आणि साठाव्या दिवशी पैसे पाठवावेत.