चक्का, आमरस आणि पाच ग्रॅम चायना ग्रास

हापूसचा हंगाम सुरू झाला की ओव्हनशिवाय होणाऱ्या मँगो चीजकेकच्या पाककृती घरोघर फिरू लागतात. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून साच्याच्या तळाशी दाबायचा, वर चक्का, क्रीम आणि आमरस यांचे मिश्रण ओतायचे आणि साचा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. अंडे नाही, भाजणे नाही. शाकाहारी घरात अडते ते फक्त एका ओळीवर: ‘जिलेटिन १४ ग्रॅम’.

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढलेले प्रथिन. ते वगळायचे ठरले की किराणा दुकानातली चायना ग्रासची पुडी, म्हणजेच अगर अगर, आठवते. ते समुद्रातल्या लाल शेवाळापासून निघते, तेव्हा शाकाहाराचा प्रश्न मिटतो. मग जिलेटिनच्या जागी तेवढ्याच चमच्यांनी अगर पडते, आणि सकाळी साच्यातून निघतो तो खोडरबरासारखा गोळा. कधी याच्या नेमके उलटे होते. मिश्रण पातळच राहते आणि त्यात पांढुरक्या तंतूंच्या गुठळ्या तरंगत असतात. दोन्ही वेळा दोष अगरवर जातो. खरे तर दोन्ही वेळा ते जिलेटिन समजून वापरलेले असते.

आधी प्रमाण पाहू. एक लिटर द्रव थरथरेल इतपत सेट करायला साधारण १४ ग्रॅम जिलेटिन पावडर लागते. तेवढ्याच द्रवाला अगर पावडर ४ ते ५ ग्रॅम पुरते, आणि ८ ते १० ग्रॅम घातली तर सुरीने चौकोनी वड्या पाडता येतात. म्हणजे मऊ पदार्थासाठी वजनाने जिलेटिनच्या एक तृतीयांश. चमच्याच्या हिशेबाने गोंधळ वाढतो, कारण अगरची पावडर हलकी असते. एका सपाट चहाच्या चमच्यात ती सुमारे २ ते अडीच ग्रॅम मावते, जिलेटिन ३ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ‘चमच्याला चमचा’ घातल्यावर अगर दुपटीहून जास्त होते. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा छोटा काटा इथे चमच्यांच्या संचापेक्षा जास्त उपयोगाचा.

चायना ग्रास लांब पट्ट्यांच्या रूपातही मिळते. दहा ग्रॅमची पुडी ओंजळभर दिसते, म्हणून ती वाटीने मोजण्यात अर्थ नाही. पट्ट्या कात्रीने बारीक कापून, वजन करून, अर्धा तास पाण्यात भिजवायच्या आणि मग उकळायच्या. त्यांचा जोर पुडीपुडीला वेगळा असतो, पावडरीचाही कंपनीगणिक बदलतो. म्हणून नवी पुडी आणली की आधी एक छोटी परीक्षा घ्यावी. एक ग्रॅम अगर २०० मिलिलिटर पाण्यात उकळून बशीत ओतायचे. गार झाल्यावर त्याचा चमच्याने काप निघाला आणि तो ताटलीत उभा राहिला, तर वर दिलेली प्रमाणे चालतील. पसरला, तर अगर थोडे वाढवावे लागेल. चक्का आणि आंबा वाया घालवून हेच कळण्यापेक्षा एक पेला पाणी परवडते.

प्रमाणापेक्षाही मोठा फरक आहे तो तापमानाचा. जिलेटिन गार पाण्यात फुगते, कोमट द्रवात विरघळते आणि फ्रीजच्या गारव्यात हळूहळू घट्ट होते. साधारण ३० ते ३५ अंशांना ते पुन्हा वितळते, म्हणूनच जिभेवर ठेवताच त्याचे पाणी होते. अगर विरघळायला मात्र उकळीच लागते, ८५ ते ९५ अंश. एकदा विरघळले की थंड होताना ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान ते घट्ट होते, फ्रीज नसला तरी. आणि पुन्हा पातळ करायचे तर परत ८५ अंशांच्या आसपास न्यावे लागते. घट्ट होण्याचे आणि वितळण्याचे तापमान यांत इतके अंतर असणे ही अगरची खासियत.

या खासियतीने वैद्यकशास्त्राचेही काम सोपे केले. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिनचे माध्यम वापरत. पण माणसाच्या शरीराइतक्या उबेत, ३७ अंशांना, ते वितळून जाई आणि काही जंतू तर ते पचवूनही टाकत. तिथे काम करणारे वाल्टर हेसे या अडचणीने त्रासले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगर सुचवले. जाव्यात राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्या ते शिकल्या होत्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या जेली उन्हाळ्यातही टिकत. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही जंतू वाढतात ते अगरच्या ताटलीवर.

नागपूरच्या मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर ठेवलेला जिलेटिनचा चीजकेक अर्ध्या तासात पाणी सोडून बसकण मारतो. अगरचा उभा राहतो. पण जो गुण टेबलावर कामाला येतो तोच तोंडात आड येतो, कारण ३७ अंशांच्या तोंडात अगर वितळतच नाही, ते चावल्यावर तुटते. जिलेटिनची ती रेशमी, विरघळती चव अगरकडून मागणे व्यर्थ आहे. त्यावर उपाय एकच, अगर जितके कमी घालता येईल तितके घालायचे आणि बाकीचा घट्टपणा चक्क्याकडून आणि क्रीममधल्या स्निग्धांशाकडून घ्यायचा. आंबा-चक्क्याचे मिश्रण अगरला मानवते ते याचमुळे. हवा फेटून हलके केलेले मूस किंवा लवचीक मार्शमॅलो यांत मात्र अगर निराशाच करते.

आता प्रत्यक्ष चीजकेक. आठ इंची साच्यासाठी चक्का ४०० ग्रॅम, क्रीम २०० मिलिलिटर, आमरस २५० मिलिलिटर, साखर १०० ग्रॅम, पाणी २०० मिलिलिटर आणि अगर पावडर ५ ग्रॅम. पाकृतीत जिलेटिनसाठी चार चमचेच पाणी दिलेले असते. तेवढ्यात अगर नीट विरघळत नाही, त्याला ऐसपैस पाणी लागते. हे वाढलेले पाणी कुठेतरी वजा व्हायला हवे, म्हणून चक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ टांगून कोरडा करून घ्यावा आणि आमरस दाट असावा.

अगर गार पाण्यावर भुरभुरून पाच मिनिटे ठेवायचे. गरम पाण्यात टाकले तर बाहेरून चिकट आणि आत कोरडे असे गोळे होतात. मग मंद आचेवर ढवळत उकळी आणायची आणि उकळी आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे शिजवायचे. चमचा उचलून उजेडात धरावा. त्यावर बारीक कण दिसत असतील तर अगर अजून कच्चे आहे, आणि कच्चे अगर नंतर कितीही वेळ फ्रीजमध्ये ठेवले तरी पकड घेत नाही. कण दिसेनासे झाले की साखर घालायची. साखर आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते आणि अगरच्या वाट्याला कमी येते. आमरस या उकळत्या पाण्यात घालू नये. आंबट रसाबरोबर उकळले की अगरचे लांब रेणू तुटतात आणि पकड ढिली पडते. लिंबू, संत्रे, कोकम यांना तर हा नियम अधिकच लागू.

यानंतरची पायरी जिलेटिनच्या सवयीच्या अगदी उलटी. जिलेटिनचे द्रावण गार मिश्रणात ओततात, अगरमध्ये मिश्रण ओतायचे असते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अगर-साखरेचे पाणी ९० अंशांवर आहे, क्रीम ५० अंशांपर्यंत कोमट केले आहे, आमरस आणि चक्का खोलीच्या तापमानाला, समजा २८ अंशांवर आहेत. सगळे एकत्र झाल्यावर मिश्रण ४८ अंशांच्या जवळपास राहते, म्हणजे अगर अजून पातळ आहे आणि ढवळायला वेळ आहे. आमरस आणि चक्का फ्रीजमधून थेट काढले तर तेच मिश्रण ३५ वर येते. तिन्ही गोष्टी गार असतील तर २७ वर. अगर तिथे ढवळून होण्याआधीच घट्ट होते आणि तंतू-गुठळ्या दिसतात त्या यामुळे.

म्हणून पातेले आचेवरून उतरवून त्यात आधी कोमट क्रीम, मग आमरस, आणि शेवटी चक्का थोडा थोडा घालत विस्कने फिरवायचा. चक्क्याच्या भांड्यात गरम द्रावणाची धार धरली तर पहिली धार गार चक्क्याला लागताच गोठते. मिश्रण एकजीव झाले की लगेच साच्यात ओतायचे, हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून साचा ओट्यावर दोनदा हलका आपटायचा. दोन-तीन तासांत ते कापण्याजोगे होते, रात्रभर थांबायची गरज नसते.

तरीही गुठळ्या झाल्याच तर मिश्रण पुन्हा उकळू नये, चक्का फाटेल. ते मिक्सरमधून फिरवून घ्यावे. तुटलेले अगर पुन्हा काप पडण्याइतके जमणार नाही, पण गुळगुळीत, दाट क्रीम मात्र तयार होईल. बिस्किटांच्या चुऱ्यावर ग्लासात घालून ते खुशाल वाढावे, पाहुण्यांना शंकाही येत नाही.

अगरचे एक दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. ठेवून ठेवून ते पाणी सोडते आणि तळाचे बिस्किट मऊ पडते. म्हणून हा चीजकेक दोन दिवसांत संपवलेला बरा, आणि फ्रीझरमध्ये तर नकोच. गोठलेले पाणी अगरची जाळी फोडून बाहेर येते आणि उरतो तो स्पंज. जपानमध्ये सुके अगर बनवण्याची जुनी पद्धत नेमकी हीच आहे. शिजवून थापलेले अगर थंडीत रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात वितळून पाणी निथळू द्यायचे, आणि शेवटी हलक्या, कोरड्या पट्ट्या उरतात.

काही फळांपुढे मात्र अगरचाच हात वर असतो. ताजे अननस, पपई आणि किवी यांतले विकर प्रथिने तोडतात, त्यामुळे त्यांच्या कच्च्या रसात जिलेटिन सेटच होत नाही. अगर हे प्रथिन नाही, एक प्रकारचे कर्बोदक आहे, म्हणून या विकरांचे त्याच्यावर काही चालत नाही. चीजकेकवर अननसाचा पारदर्शक थर हवा असेल तर १५० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम अगर उकळायचे, साखर घालायची, आचेवरून उतरवून त्यात अर्धी वाटी कोमट केलेला ताजा रस मिसळायचा आणि सेट झालेल्या चीजकेकवर पळीच्या पाठीवरून अलगद सोडायचा. खालचा थर त्या उष्णतेने वितळत नाही, जिलेटिनचा असता तर वितळला असता.

बाजारात ‘व्हेज जिलेटिन’ या नावाने मिळणाऱ्या पावडरींना ही प्रमाणे लावू नयेत. त्यांत अनेकदा कॅरागीनन नावाचा दुसरा शेवाळी पदार्थ असतो, आणि साखर किंवा तत्सम भर घालून वजन वाढवलेले असते. तिथे हिरवा ठिपका पाहावा, घटकांची यादी वाचावी आणि पाकिटावर छापलेलेच प्रमाण पाळावे.